सर्वांत धाकट्या भिडूची पावले



वाढदिवसाला खजिना-शोधाचा खेळ ठेवायचा आहे, पण जमणारी मुले चार वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतची आहेत. मग कोडी कोणाच्या वयाची करावीत, असा प्रश्न मंडळातील दोन-तीन पालकांनी आम्हांस अलीकडेच विचारला. हा प्रश्न आमच्याही घरी पडला होता, आणि पहिल्या वर्षी त्याचे उत्तर आम्ही साफ चुकीचे दिले होते. म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला देत आहोत.

नेदरलँड्समध्ये या खेळाला 'स्प्युरतोख्त' म्हणतात आणि तो येथील मुलांच्या वाढदिवसांत नित्याचा आहे. आमच्या मुलीच्या सातव्या वाढदिवशी आम्ही मोठ्या हौसेने मराठीत सहा कोडी रचली, ती यमकांत बसवली, सुवाच्य देवनागरीत लिहिली आणि घरापासून मैदानापर्यंत सहा ठिकाणी लपवली. खेळ पंचवीस मिनिटांत संपला. अकरा वर्षांच्या एका मुलाने पहिली चिठ्ठी हातात घेतली ती शेवटपर्यंत सोडलीच नाही. तो वाचत होता, तोच सोडवत होता आणि तोच पुढे धावत होता. बाकीचे त्याच्यामागे पळत होते. पाच वर्षांची एक मुलगी तिसऱ्या ठिकाणी रडत बसली. शेजारच्या डच मुलाला काय चालले आहे हे शेवटपर्यंत कळले नाही. आणि आमच्याच एका भाच्याने, ज्याला मराठी उत्तम बोलता येते पण देवनागरी वाचता येत नाही, हाती आलेली चिठ्ठी घडी करून खिशात टाकली आणि "मला खेळायचं नाही" असे म्हणून तो झोपाळ्यावर जाऊन बसला.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही ती त्या खिशात गेलेल्या चिठ्ठीमुळे. ज्याला अक्षर येत नाही त्याला दाराबाहेर ठेवायचे, ही व्यवस्था आपल्या आजी-आजोबांनी भोगली आहे. तीच व्यवस्था आपण केक आणि फुगे लावून आपल्याच अंगणात मांडली होती. हेतू तसा नव्हता, हे खरे. पण त्या मुलाला आमचा हेतू दिसत नव्हता, त्याला फक्त कागद दिसत होता.

पुढच्या वर्षी आम्ही प्रथम एक गोष्ट मनाशी स्पष्ट केली. कोडे आणि प्रश्नमंजुषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'बाबासाहेबांचा जन्म कोठे झाला?' हा प्रश्न आहे. ज्याला उत्तर माहीत आहे तो ते सांगतो. ज्याला माहीत नाही तो कितीही विचार करो, त्याला ते सापडत नाही. कोड्याचे उत्तर मात्र कोड्यात तरी असते, नाहीतर ज्या जागी मूल उभे आहे त्या जागी तरी असते. डोळे उघडे ठेवले, बोटांनी मोजले, थोडी अक्कल चालवली की ते मिळते. आधीचे ज्ञान लागत नाही, म्हणून तेथे पाहुणा आणि घरचा सारखेच असतात.

आपल्या घरांत मुलांना धम्मातील गोष्टी विचारण्याचा मोह वाढदिवसालाही होतो. खुद्दकपाठातील कुमारपञ्ह आपणांपैकी अनेकांच्या वाचनात असेल. एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, अशी एकापासून दहापर्यंत चढत जाणारी प्रश्नोत्तरे त्यात आहेत. आणि सात वर्षांच्या सोपाकाने भगवंतांना ती उत्तरे दिली, असे परंपरा सांगते. परंतु सोपाक शिकून तयार झालेला श्रामणेर होता. आपल्याकडे वाढदिवसाला आलेला शेजारचा मुलगा तसा नसतो. कुमारपञ्हातून आम्ही घेतली ती एवढीच गोष्ट की आकडा हे लहान मुलाच्या हाती देण्याजोगे सर्वांत पक्के उत्तर आहे. आकडा मराठीत, डचमध्ये आणि बोटांवर एकच असतो.

म्हणून पेटीला आकड्यांचे कुलूप लावायचे ठरले. चार चकत्यांचे साधे कुलूप कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. त्या चार आकड्यांचा शोध म्हणजेच सारा खेळ.

आता वयांचा विचार. येथील शाळेच्या इयत्ता याबाबतीत चांगले माप देतात. चौथ्या वर्षी मूल पहिल्या 'ग्रूप'मध्ये जाते आणि वाचन रीतसर सुरू होते ते तिसऱ्या ग्रूपमध्ये, म्हणजे साधारण सहाव्या वर्षी. तेव्हा चार-पाच वर्षांच्या मुलाला कोणत्याही भाषेतील चिठ्ठी दिली तरी ती त्याच्यासाठी कोरीच असते. मात्र आकार जुळवणे, रंग ओळखणे, हाताने चाचपणे आणि दहापर्यंत मोजणे त्याला जमते. गवतातली वस्तू तर ते मूल मोठ्यांच्या आधी पाहते, कारण त्याचे डोळे जमिनीच्या जवळ असतात. सात ते नऊ वर्षांची मुले दोन-तीन वाक्ये वाचू शकतात, सोपे पाढे म्हणू शकतात आणि शब्दांच्या खेळात रमतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना होकायंत्र, नकाशा आणि सांकेतिक लिपी हवी असते. त्यांना सोपे काही दिले की ते कंटाळतात आणि खेळ ताब्यात घेतात.

यावर बहुतेक पालक जो उपाय करतात तो आम्हीही आधी योजला होता: प्रत्येक वयाला वेगळे कोडे. तो उपाय टिकत नाही. तीन कोडी शेजारी-शेजारी ठेवली की मोठा मुलगा तिन्ही सोडवतो, कारण तिन्ही त्याला येतात. कोडी शेजारी न ठेवता एकामागे एक ओवावी लागतात. लहानाला जे सापडेल त्यावाचून मधल्याला मोजता येऊ नये, आणि मधल्याने मोजल्यावाचून मोठ्याला पुढे जाता येऊ नये. आम्ही प्रत्येक लिफाफ्यात तीन चिठ्ठ्या ठेवल्या. लहानाच्या चिठ्ठीत 'काय शोधायचे' ते असते आणि तेथे अक्षर नसते. मधल्याच्या चिठ्ठीत 'त्यात काय मोजायचे' ते असते. मोठ्याच्या चिठ्ठीत 'आलेल्या आकड्याचे काय करायचे' ते असते. त्यात वस्तूचे नाव किंवा चित्र कधीही नसावे. ही एकच अट पाळली तर अकरा वर्षांचा मुलगा पाच वर्षांच्या मुलीसमोर गुडघे टेकून "सापडलं का ग?" असे विचारू लागतो.

आता प्रत्यक्ष काय केले ते सांगतो. मुलीचा आठवा वाढदिवस मे महिन्यात एका शनिवारी होता. मुले दहा होती: चार वर्षांचे एक, पाच वर्षांची दोन, सात ते नऊ वर्षांची पाच, आणि अकरा व बारा वर्षांचा एकेक. लाल आणि निळा असे दोन चमू केले, प्रत्येकी पाच जणांचे. चमू मुलांनी निवडले नाहीत, आम्ही आधीच ठरवले. निवड मुलांवर सोपवली की सर्वांत लहान मूल शेवटी उरते आणि ते त्याला कळते. प्रत्येक चमूत एक मोठा आणि निदान एक न वाचणारे मूल ठेवले. देवनागरी न वाचणारा भाचा आणि शेजारचा डच मुलगा वेगवेगळ्या चमूंत घातले. मधल्यांची चिठ्ठी एका बाजूस मराठीत आणि दुसऱ्या बाजूस डचमध्ये लिहिली.

दोन्ही भाषांत लिहायचे म्हटले की कोड्यांची निवड आपोआप होते. शब्दाच्या दोन अर्थांवर उभे असलेले कोडे बहुधा भाषांतरात मरते. 'आठवड्यात सात होतात, पण जखम एकही करत नाहीत' या कोड्याचे उत्तर मराठीत 'वार' असे आहे. डचमध्ये ते कोडेच उरत नाही. उलट 'झाडालाही असते आणि पुस्तकालाही असते' हे दोन्हीकडे चालते, कारण मराठी 'पान' जसे दुहेरी आहे तसाच डचमधील 'ब्लाट' हा शब्द पानालाही लागतो आणि कागदालाही. पण असे योग थोडे. जे डोळ्यांनी दिसते त्याचे कोडे करावे, म्हणजे कोणत्याही भाषेत सांगता येते.

जागा म्हणून आम्ही वाखनिंगनचे बेल्मोंटे हे वृक्षोद्यान निवडले. ते टेकडीच्या उतारावर आहे, खाली नेदर-ऱ्हाइन नदीचा सखल काठ दिसतो, आणि एका बाजूने जनराल फॉल्कसवेख हा रस्ता जातो. उद्यान झाडांच्या संग्रहासाठी आहे, म्हणून झाडाला काही बांधायचे नाही, खिळा ठोकायचा नाही, काही पुरायचे नाही आणि फूल तोडायचे नाही, हे आधीच ठरवले. चिठ्ठ्या लपवण्याऐवजी प्रत्येक थांब्यावर एकेक पालक पिवळी छत्री आणि लिफाफा घेऊन बसला. यामुळे वाऱ्याने कागद उडण्याची आणि दुसऱ्याच कोणीतरी तो उचलण्याची भीतीही गेली.

प्रत्येक चमूला दोनच थांबे दिले. सहा थांबे ठेवले की चार वर्षांचे मूल चौथ्या थांब्यापर्यंत थकते. दोन थांबे, प्रत्येकी दहा-बारा मिनिटे, आणि मधले चालणे, एवढे पुरेसे होते.

लाल चमूचा पहिला थांबा हिरवळीवर होता. लहानाच्या चिठ्ठीत पुठ्ठ्यात कापलेली एका पानाची खिडकी होती; तिच्यात नेमके बसणारे पान शोधायचे. ते होते तिपानी गवत, ज्याला येथे 'क्लाव्हर' म्हणतात. मधल्यांच्या चिठ्ठीत लिहिले होते: 'एका देठाचे घर, घराला भिंत नाही. सारख्या उंचीच्या बहिणी पाठीला पाठ लावून राहतात. बहिणी किती?' उत्तर तीन. मोठ्याच्या चिठ्ठीत होकायंत्राची दिशा होती आणि सूचना होती की आलेल्या आकड्याला दहाने गुणावे आणि तेवढी पावले चालावे.

पावलांच्या बाबतीत सर्वांकडून एक चूक होते. आमच्याकडूनही झाली होती. पाऊल कोणाचे, हे लिहायचे राहते. आम्ही अंगणात मोजून पाहिले. चार वर्षांच्या मुलाची तीस पावले बारा मीटर भरली, बारा वर्षांच्या मुलाची वीस मीटरच्या आसपास. म्हणजे खूण कोठेतरी आणि मूल भलतीकडे. म्हणून चिठ्ठीत स्पष्ट लिहिले: 'पावले चमूतील सर्वांत धाकट्या भिडूची धरावीत.' अंतराचा घोळ त्याने मिटलाच, पण त्याहून मोठी गोष्ट झाली. मोठ्याने दिशा धरली, मधल्यांनी मोठ्याने मोजले आणि सर्वांच्या पुढे चालले ते चार वर्षांचे मूल. त्याच्या पुढे कोणाला जाताच येईना, कारण माप त्याच्या पायांत होते. तीस पावलांवर, झाडांच्या आडून, दुसऱ्या थांब्याची पिवळी छत्री दिसत होती.

लाल चमूचा दुसरा थांबा एका पाइन वृक्षाखाली होता; येथे सर्वत्र दिसणारा हा स्कॉट्स पाइन, डचमध्ये 'ग्रोव्ह डेन'. लहानाला कापडी पिशवीत हात घालून चाचपायला दिले आणि तसेच काहीतरी जमिनीवरून उचलून आणायला सांगितले. मधल्यांचे कोडे: 'आम्ही भावंडे एकाच टोपीत जन्मतो. झाडावर असू तोवर हिरवी. खाली पडून तपकिरी झालो तरी एकमेकांना सोडत नाही. टोपीत किती जण?' या पाइनच्या सुया जोडीने येतात आणि गळतानाही बुडाशी जोडलेल्याच गळतात. उत्तर दोन.

येथे मोठ्यासाठी सांकेतिक शब्द होता आणि आलेला आकडा हीच त्याची किल्ली होती. प्रत्येक रोमन अक्षर वर्णमालेत तितकी घरे मागे न्यायचे.

```
D C P M   (२ घरे मागे)
B A N K
```

'बँक' म्हणजे डचमध्ये बसायचे बाक. उद्यानातील एका ठरलेल्या बाकाजवळ पेटी होती. या रचनेचा खरा उपयोग असा की चुकलेली मोजणी स्वतःच चूक कबूल करते. कोणी दोनाऐवजी तीन मोजले तर `AZMJ` असा निरर्थक शब्द निघतो आणि मुले आपण होऊन पुन्हा सुया पाहायला जातात. कोणा काकांना "चूक" असे म्हणावे लागत नाही. देवनागरीत हाच खेळ करून पाहिला होता, पण काना-मात्रा आणि जोडाक्षरे कोठे हलवायची यात बारा वर्षांचा मुलगाही अडकला. म्हणून रोमन अक्षरे घेतली, जी दोन्ही चमूंतील वाचणाऱ्या सर्वांना येत होती.

निळ्या चमूचा पहिला थांबा पिवळ्या बटरकपच्या फुलांजवळ होता. लहानाला फुलाच्या रंगाचा चकचकीत कागद दिला. मधल्यांचे कोडे: 'सोन्याची वाटी गवतात मांडलेली, जेवायला मात्र मधमाशीच येते. वाटी किती तुकड्यांची?' उत्तर पाच, आणि मग धाकट्याची पन्नास पावले. दुसरा थांबा रस्त्यालगत होता, म्हणून तेथे दोन पालक उभे केले. लहानाला निळी आयताकृती पाटी दाखवणारे चित्र दिले. मधल्यांचे कोडे: 'नावात सेनापती आहे, पण तलवार नाही. जागचा हलत नाही, तरी सगळ्यांना पुढे नेतो. त्याच्या पहिल्या शब्दात अक्षरे किती?' रस्त्याच्या नावाच्या पाटीवरील 'जनराल' हा शब्द रोमन लिपीत आठ अक्षरांचा आहे. ज्याला वाचता येत नाही त्यालाही अक्षरे बोटाने मोजता येतात. निळ्या चमूतील सात वर्षांच्या मुलीने प्रथम नऊ मोजली, कारण दोन सारखी अक्षरे शेजारी आल्याने तिचे बोट अडखळले. मोठ्याने नऊ घरे मागे नेली, निरर्थक शब्द आला, आणि ती स्वतःच म्हणाली, "थांब, मी परत मोजते." दुसऱ्यांदा बरोबर आठ आली.

हे सेनापती कोण, हे खेळ संपल्यावर सांगितले. कॅनडाचे जनरल चार्ल्स फॉल्क्स यांनी ५ मे १९४५ रोजी याच गावातील हॉटेल द वेरेल्डमध्ये जर्मन जनरल ब्लास्कोविट्झ यांच्याशी शरणागतीची बोलणी केली. गावातला मुक्तिदिनाचा सोहळा मुलांनी दोनच आठवड्यांपूर्वी पाहिला होता, त्यामुळे गोष्ट त्यांना लगेच कळली. ती कोड्यात घातली असती तर मात्र कोड्याची प्रश्नमंजुषा झाली असती.

दोन्ही चमू बाकाजवळ पोहोचले तेव्हा एकाकडे तीन आणि दोन होते, दुसऱ्याकडे पाच आणि आठ. कुलूप चार आकड्यांचे. लाल चमू चार मिनिटे आधी आला होता आणि त्या चार मिनिटांत त्यांनी पेटी हलवून पाहिली, अंदाजाने चकत्या फिरवल्या, आणि शेवटी गप्प बसून निळ्यांची वाट पाहिली. कोणी जिंकावे असा हा खेळ नव्हताच; पण तसे आम्ही आधी सांगितले नव्हते. ते कुलपाने सांगितले. पेटीवर एकच ओळ होती: 'लहानाकडून मोठ्याकडे.' दोन, तीन, पाच, आठ. चकत्या पाच वर्षांच्या मुलीने फिरवल्या. बारा वर्षांच्या मुलाने तेवढ्यात शोध लावला की पहिले दोन मिळवले की तिसरा येतो आणि दुसरा-तिसरा मिळवले की चौथा. हे आमच्या मनात होते, पण कोणाला दिसेल असे वाटले नव्हते. त्रिशरणाचे तीन, पंचशीलाचे पाच आणि अष्टांगिक मार्गाचे आठ मात्र आजींनी ओळखले आणि त्या नुसत्या हसल्या.

पेटीत दहा सारख्या पुड्या होत्या: एक वही, एक पेन्सिल आणि सूर्यफुलाच्या बिया. चैत्यभूमीवर हारांऐवजी वही-पेन नेण्याचा जो प्रघात आहे, तो मनात होता. पुड्या मोजून आणि सारख्याच असाव्यात. खजिना ढिगाने ठेवला की शेवटच्या क्षणी पुन्हा तोच प्रश्न येतो की पहिला हात कोणाचा.

आता काय बिघडते ते सांगतो, कारण आमचेही काही बिघडले.

पहिली गोष्ट आकड्यांची. निसर्गातील प्रत्येक आकडा पक्का नसतो. पाच या आकड्यासाठी आम्ही आधी हॉर्स चेस्टनटचे पान निवडले होते. आदल्या दिवशी पाहिले तर एकाच झाडावर काही पाने पाच पर्णिकांची आणि काही सातांची. कोडे उत्तम होते, पण उत्तरे दोन निघत होती. म्हणून ते टाकले आणि बटरकप घेतले. तिपानीतही क्वचित चार पाने निघतात आणि बटरकपचे एखादे फूल वेगळे असू शकते. त्यासाठी चिठ्ठीत 'तीन ठिकाणी मोजा, जास्त वेळा येईल तो आकडा घ्या' असे लिहावे. जी वस्तू या कसोटीवरही डळमळते ती घेऊ नये. पाट्यांचेही तसेच, काही पाट्यांवर नाव संक्षेपाने लिहिलेले असते, म्हणून प्रत्यक्ष तीच पाटी पाहिल्यावाचून अक्षरे मोजू नयेत. सारी फेरी आदल्या दिवशी करावी, आठवडाभर आधी नव्हे, कारण मध्ये गवत कापले जाते आणि तिपानी व फुले दोन्ही जातात.

दुसरी गोष्ट थांब्यावर बसलेल्या मोठ्या माणसांची. मदत करण्याची घाई हा आपला सर्वांचा दोष आहे. आमच्याकडे एका काकांनी लिफाफा देतानाच "ते बघ, गवतात" असे सांगून टाकले, आणि लहानाचे काम तेथेच संपले. पुढच्या वेळेसाठी आम्ही नियम केला आहे: पाच मिनिटे काही बोलायचे नाही. त्यानंतर पहिला इशारा द्यायचा तो सर्वांत लहानाच्या कानात. मग ते मूल स्वतः इतरांना सांगते आणि मदत वरून आल्यासारखी वाटत नाही.

तिसरी गोष्ट पावसाची आणि किड्यांची. छपाईयंत्राची शाई बहुधा ओल्याने पसरते, पेन्सिलीचे अक्षर पसरत नाही. तेव्हा चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहून प्लास्टिकच्या पाकिटात घालाव्यात. मे ते जुलै या काळात ओक वृक्षांवर मिरवणुकीने चालणाऱ्या सुरवंटांचे केस त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतात, म्हणून ओकखाली थांबा ठेवू नये. गवतात बसलेल्या मुलांच्या अंगावर गोचीड चढू शकते आणि तिच्यातून लाइम रोग होऊ शकतो. घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला पाहावे, असे पाहुण्या मुलांच्या पालकांनाही निरोप देऊन सांगावे. आणि थांबे नदीच्या काठापासून दूरच असावेत.

खेळ जमतो आहे की नाही, हे ओळखायला एक खूण आहे. चिठ्ठी कोणाच्या हातात आहे ते पाहावे. पूर्ण फेरीत ती एकाच हातात राहिली तर कोडी कितीही सुंदर असोत, रचना चुकली आहे. आमच्या दुसऱ्या वर्षीच्या छायाचित्रांत ती खूण पाहता येते: एका चित्रात पुठ्ठ्याची खिडकी पाच वर्षांच्या मुलीच्या हातात आहे, दुसऱ्यात मधल्यांची चिठ्ठी डच बाजूने वर धरलेली आहे, तिसऱ्यात होकायंत्रावर तीन डोकी वाकलेली आहेत.

खुद्दकपाठातच कुमारपञ्हानंतर काही अंतरावर निधिकण्ड सुत्त येते. अडीअडचणीला उपयोगी पडेल म्हणून माणूस खोल खड्ड्यात धन पुरतो. पण ते जागचे सरकते, पुरल्याची जागा आठवेनाशी होते, नाहीतर नको तो वारस ते उकरून नेतो, असे त्यात सांगितले आहे. दान, शील, संयम यांचा निधी मात्र चोराला नेता येत नाही. ते सुत्त त्या दिवशी आम्ही मुलांना सांगितले नाही. वाढदिवस होता, मुलांना केक हवा होता.

तो भाचा त्या दिवशी लाल चमूत होता. तिपानीच्या बहिणींचे कोडे त्यानेच वाचले, डच बाजूने. निघताना त्याने ती चिठ्ठी मागून घेतली आणि उलट करून विचारले, "या बाजूला तेच लिहिलंय का?" होय म्हटल्यावर तो 'बहिणी' या शब्दावर बोट ठेवून बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.